जुन्या बिलांतून नव्या खर्चाची तरतूद

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात 'सिंकिंग फंड' नावाची एक ओळ असते. इमारत कधीतरी जुनी होणारच, म्हणून आतापासून थोडे थोडे बाजूला काढायचे. हाच हिशेब घरातल्या वस्तूंसाठी करता येतो आणि त्याला लागणारी माहिती फायलीतल्या बिलांत असते.

खरे काम होते ते एकाच वस्तूच्या दोन बिलांनी. समजा, इन्व्हर्टरची बॅटरी जून 2019 मध्ये 11,000 रुपयांना घेतली आणि जून 2023 मध्ये 14,000 ला, दोन्ही वेळा जुनी बॅटरी देऊन. म्हणजे आपल्या घरात, आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये बॅटरी चार वर्षे टिकते. वॉरंटी कार्डावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा भरवशाचा. दर वाढायचा वेगही तिथेच कळतो. तो तसाच राहिला तर जून 2027 मध्ये सुमारे 18,000 लागतील. त्याला 48 महिन्यांनी भागले की महिन्याला 375 रुपये.

पण गफलत होते ती इथेच. जानेवारी 2026 पासून 375 भरू लागलात, तर जून 2027 पर्यंत हाती जेमतेम 6,750 येतील. बॅटरीचे निम्म्याहून जास्त आयुष्य आधीच सरले आहे. म्हणून पहिल्या फेरीत उरलेल्या महिन्यांनीच भागायचे: 18 महिने, दरमहा 1,000. जड वाटते खरे, पण पुढच्या फेरीत बॅटरी 23,000 ची धरली तरी हप्ता 480 च्या आसपास उतरतो.

गाडीच्या टायरचे आयुष्य मात्र किलोमीटरमध्ये मोजावे. सर्व्हिसिंगच्या बिलांवर रीडिंग लिहिलेले असते, त्यावरून वर्षाचे रनिंग निघते. गाडी फार चालत नसली तरी रबर कडक होतेच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 3521 म्हणजे 2021 चा 35वा आठवडा. बिल हरवले असले तरी टायरचे वय तिथे वाचता येते. दर ताडताना एक लक्षात ठेवा: सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे जुन्या बिलातली कराआधीची किंमतच धरा आणि तिच्यावर आजचा कर लावा.

फ्रिजचे बहुधा एकच बिल सापडते. तिथे जुनी किंमत सोडून द्या, तशाच फ्रिजचा आजचा दुकानातला भाव घ्या आणि आयुष्य थोडे कमीच धरा.

सगळे पैसे एकाच वेगळ्या खात्यात ठेवावेत, वहीत मात्र प्रत्येक वस्तूचा रकाना निराळा. सगळ्या वस्तू एकदम बिघडत नाहीत. बॅटरी वर्षभर आधीच बसली, तर फ्रिजच्या रकान्यातून उसने घ्यावे, तशी नोंद करावी, आणि नवे बिल आले की बॅटरीचे आयुष्य चारऐवजी तीन वर्षे धरून हप्ता पुन्हा काढावा.