जाहिरातीची घडण : बारा सेकंदांचा आयुर्विमा

पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत, सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर ३७५ चौकटी होतात. आयुर्विम्याच्या जाहिरातीत शेवटचे तीनेक सेकंद कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सूचनेच्या बारीक मजकुरात जातात. गोष्टीला बारा उरतात. त्यात सावकाश बोलले तर पंचवीसएक शब्द बसतात.

इतक्या कमी वेळात भीती वापरण्याचा मोह होतो, कारण हार घातलेला फोटो आणि फीची पावती हातात धरलेली बाई दोन सेकंदांत कळते. पण भीती दाखवली की उपायही दाखवावा लागतो, आणि तिथेच वेळ संपतो. अमेरिकेत १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जॅनिस आणि फेशबाख यांनी विद्यार्थ्यांना दातांच्या निगेवर सौम्य ते भयंकर अशी व्याख्याने ऐकवली. सर्वांत भयंकर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी सल्ला सर्वांत कमी पाळला. पुढच्या संशोधनाने यात भर घातली, की उपाय आपल्या आवाक्यातला वाटला तर भीतीही काम करते. नाही वाटला तर माणूस तोंड फिरवतो, म्हणजे आता चॅनेल बदलतो.

दुसरी वाट म्हणजे मरण न दाखवता काळजी दाखवणे. एसबीआय लाइफच्या गाजलेल्या जाहिरातीत म्हातारा नवरा बायकोला हिरा देतो आणि वयाचा विषय थट्टेवारी नेतो. तिथे कोणी मरत नाही.

हेच छत्रपती संभाजीनगरच्या घरात बसवून पाहू. वाळूजच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेला नवरा लोखंडी कपाट उघडतो. पहिले चार सेकंद फक्त हात, किल्ली आणि प्लास्टिकची फाइल. तो म्हणतो, ‘‘पॉलिसी इथं ठेवलीय. नॉमिनी तू.’’ बायको वहीत नंबर उतरवून घेते आणि न बघताच विचारते, ‘‘अन् गॅसचं पुस्तक कुठं ठेवलं?’’ तो डोके खाजवतो, ती हसते. बारा सेकंद संपले.

यात बायको बिचारी नाही, घराचा हिशेब तिच्याच हातात आहे. तिचा प्रश्न विनोदासाठी आहेच, पण त्यामुळे पॉलिसी गॅसच्या पुस्तकाइतकी रोजची वस्तू होते. शिवाय एक कामाची गोष्ट सांगून होते : घरच्यांना पॉलिसी कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर दावा करणार कोण? इथे हमखास बिघडते ते संगीताने. कपाट उघडताना व्हायोलिन रडू लागले, की नवरा आजारी आहे असे प्रेक्षक धरून चालतो आणि भीती मागच्या दाराने परत येते. त्या जागी पंख्याचा आणि किल्लीचा आवाज पुरे.

चित्रीकरणाआधी संहिता एकदा अशा घरी वाचून पाहावी, जिथला कर्ता माणूस नुकताच गेला आहे. तिथे वाचताना जीभ अडखळली, तर संहिता नव्याने लिहावी.