सॉफ्टनर बसवला, तरी गीझरमध्ये क्षार का? मीठ आणि रिजनरेशनचं गणित समजून घ्या

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या अनेक घरांत आता वॉटर सॉफ्टनर दिसतो. तो बसवून गेलेला माणूस 'आठवड्यातून एकदा रिजनरेशन लावलंय' एवढं सांगतो. काही महिन्यांनी नळावर पुन्हा पांढरे डाग दिसू लागतात आणि गीझरची कॉइल जाते. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, पण सायकल तुमच्या घरच्या पाण्याप्रमाणे लावलेली नसते.

मीठ नक्की काय करतं?

मीठ पाण्याला मऊ करत नाही. ते काम टाकीतले रेझिनचे बारीक मणी करतात. या मण्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यांच्यातून जाताना पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतं. सगळ्या मण्यांवर कॅल्शियम बसलं की अदलाबदल थांबते आणि जड पाणी जसंच्या तसं नळाला येतं.

कॅल्शियमची पकड सोडियमपेक्षा घट्ट असते. ती सोडवायची तर सोडियमची प्रचंड गर्दी करावी लागते. म्हणून साधारण १० टक्के मिठाचं पाणी रेझिनमधून अगदी सावकाश, अर्धा तास किंवा जास्त वेळ सोडतात. निघालेलं कॅल्शियम ड्रेनमधून बाहेर जातं आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. हेच रिजनरेशन.

सायकल किती दिवसांची?

समजा, घरात चार माणसं आहेत, दिवसाला ६०० लिटर पाणी लागतं आणि कडकपणा ४०० पीपीएम आहे. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे.) म्हणजे लिटरमागे ०.४ ग्रॅम, दिवसाला २४० ग्रॅम कडकपणा रेझिनला पकडायचा आहे.

सॉफ्टनरमध्ये २५ लिटर रेझिन आहे. मिठाचा डोस मध्यम ठेवला, तर एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कडकपणा धरतं. एकूण १,२५० ग्रॅम. त्याला २४० ने भागा, पाच दिवस येतात. पाहुणे आले, धुणं वाढलं, यासाठी एक दिवस हातात ठेवा आणि चार दिवसांची सायकल लावा. इथे सात दिवसांची सायकल असेल, तर शेवटचे दोन दिवस गीझरमध्ये जड पाणीच जातं.

मीटर असलेल्या मॉडेलमध्ये दिवसांऐवजी लिटर टाकता येतात. या घरासाठी २,५००. हा पर्याय केव्हाही चांगला, कारण घर बंद असताना मीठ वाया जात नाही. काही पॅनल कडकपणा 'ग्रेन'मध्ये मागतात. तिथे ४०० टाकू नका, १७.१ ने भागून साधारण २३ टाका. नाहीतर मशीन सारखं रिजनरेशनलाच बसेल.

मीठ किती?

वर धरलेल्या क्षमतेसाठी लिटर रेझिनला साधारण १२० ग्रॅम, म्हणजे दर खेपेला ३ किलो मीठ लागतं. महिन्याला साधारण २२ किलो. डोस अडीचपट केला तर क्षमता जेमतेम दीडपट होते. उरलेलं मीठ सरळ गटारात जातं.

टाकीत पोतंभर मीठ भरलं म्हणून डोस वाढत नाही. तो ठरतो टाकीत परत भरल्या जाणाऱ्या पाण्यावर. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे ३ किलोसाठी साडेआठ लिटर पाणी. टाकीतल्या फ्लोटची उंची किंवा पॅनलवरची रिफिलची मिनिटं त्यासाठीच असतात.

वेळ रात्री दोनची असते, कारण रिजनरेशन सुरू असताना नळाला जड पाणी येतं. पण आपल्याकडे अडचण वेगळीच. रात्री प्रेशर पंप बंद केला किंवा गच्चीवरची टाकी रिकामी असली, तर मिठाचं पाणी ओढलंच जात नाही. पॅनलवर मात्र सायकल पूर्ण झाल्याचं दिसतं. तुमच्याकडे असं होत असेल, तर दुपारची वेळ लावा.

बिघाड कसा ओळखायचा?

दोन-तीन सायकलनंतरही टाकीतलं मीठ कमी झालं नसेल, तर काहीतरी अडलंय. कधी वर मिठाचा कडक थर धरतो आणि खाली पोकळी राहते. लाकडी काठीने हळूच ढोसून पाहा. थर नसेल, तर मीठ ओढणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा असू शकतो.

टीडीएस मीटरने मात्र तपासू नका. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. थेंब टाकून रंग बदलणारं हार्डनेस किट घ्या आणि सायकलच्या आदल्या संध्याकाळी नळाचं पाणी तपासा. तेव्हाही पाणी मऊ असेल, तर सेटिंग बरोबर आहे.

४०० पीपीएम कडकपणा काढताना लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर सोडियम पाण्यात येतं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांच्या घरी स्वयंपाकघराचा पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर घ्या. ड्रेनचं खारट पाणी कुंड्यांना घालू नका.