आचार्य की आचारी?

मामांचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. फोन साधा, दोन जीबी रॅमचा, आणि त्यात दुकानदाराने घालून दिलेला कुठलासा कीबोर्ड. शब्द सुचवायच्या पट्टीवरच त्याच्या जाहिराती यायच्या. दिवाळीत गेलो तेव्हा मामांनी फोन माझ्या हातात दिला. "पाय बरं, हे मराठी काऊन नाही लिहून राहिलं?"

त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटावं, आणि हात चिखलाचे असतील तेव्हा बोलून लिहिता यावं. मी तीन कीबोर्ड घालून पाहिले. कुठलाही नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड बजावतं, की तुम्ही टाइप कराल ते सगळं, अगदी पासवर्डसुद्धा, हा कीबोर्ड गोळा करू शकतो. बँकेचं काम त्याच फोनवर होत असल्याने अनोळखी नावं मी आधीच बाद केली.

परीक्षेला शब्द घेतले तीन: आचाऱ्यांना, पऱ्हाटी, बोंडअळी. पहिला निवडला, कारण घरात लग्न होतं. आचारी म्हणजे स्वयंपाकी आणि आचार्य म्हणजे गुरू, पण इंग्रजी अक्षरांत दोघांनाही `acharyanna` असंच लिहावं लागतं. कीबोर्डने 'आचार्यांना' दिलं तर भाजीचा निरोप थेट पवनारला विनोबांच्या आश्रमात गेल्यासारखा वाटतो! चूक ओळखायला डोळा लागतो. य च्या डोक्यावर रफार आला की आचार्य, य च्या आधी आडवा र आला की आचारी. कपाशीला आमच्याकडे म्हणतात त्या पऱ्हाटीतही हाच आडवा र आहे.

आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र हलका आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चाक उघडतं, त्यामुळे काय उमटेल ते आधीच दिसतं. पण तो थेट देवनागरीतला, मामांना सवय इंग्रजी अक्षरांची. इंडिक कीबोर्डचं लिप्यंतर ठरलेल्या नियमांवर चालतं. लहान `n` दाबला तर न, मोठा `N` दाबला तर ण, ळ साठी मोठा `L`. मला ते आवडलं. नियम पाठ झाला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. मामा मात्र मोठं अक्षर करायला विसरत, आणि बोलून लिहायला तिथेही गूगलचंच यंत्र उसनं घ्यावं लागतं.

शेवटी जीबोर्ड ठेवला. त्याच्या सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना मराठी निवडली की आणखी एक निवड येते, आणि घोळ तिथेच होतो. नुसतं `मराठी` घेतलं तर देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड येतो. आपल्याला हवा तो `abc → मराठी`. हा नियमाने नाही, शब्दांच्या ओळखीने चालतो. म्हणून `bondali` लिहिल्यावर त्याने 'बोंडली' पुढे केली. `bond` आणि `ali` वेगळं लिहून, पट्टीतून 'अळी' उचलून मधली जागा पुसली, तेव्हा बोंडअळी आली. आडव्या र साठी आधी पट्टीवरचे बाकीचे पर्याय बघायचे. नाहीच सापडला तर अक्षरांच्या कीबोर्डवर जाऊन ऱ, हलन्त आणि य असं क्रमाने द्यायचं. म्हणून दोन्ही कीबोर्ड जोडून ठेवले.

यंत्रासाठी लिपीला वळवण्याचा खटाटोप वर्ध्याला नवा नाही. १९३६ साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांत एके काळी इ ऐवजी 'अि' छापत. अ ची बाराखडी म्हणत त्याला. खिळे कमी लागावेत हा एक हेतू होता. ते टिकलं नाही.

उरला माइक. गूगलच्या बोलून लिहिण्यात मराठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये आली, आपल्या आणखी सात भाषांसोबत. मामांच्या फोनवर 'नाही' म्हटलं की 'नहीं' उमटे. उच्चारात खोट नव्हती, स्पेसबारवर हिंदी होतं. माइक दाबण्याआधी स्पेसबारवरचं नाव वाचायचं, एवढीच सवय लावली. बांधावर नेट गेलं की माइक मुका होई, आणि वारा असला की शब्द गळत.

मग मामा बोलले, "कापूस येचाले मजूर भेटून नाही राहिले." उमटलं: 'कापूस विचारले मजूर भेटून नाही राहिले'. 'राहिले' त्याला बरोबर कळलं होतं, 'येचाले' नाही. 'वेचायला' म्हणून पाहिलं तर पहिल्याच खेपेला बरोबर आलं. मामा हसले. "म्हंजे याच्याशी पुण्यावानी बोला लागते."

दुसऱ्या दिवशी लग्नाचा निरोप त्यांनी स्वतः बोलून लिहिला. पाठवण्याआधी चष्मा वर करून एकच शब्द तपासला, आणि य च्या डोक्यावरचा रफार पाहून मागे फिरले.