मोतीबिंदू 'पिकण्याची' प्रतीक्षा : एक कालबाह्य समज

सातारा-सांगली परिसरात 'मोतीबिंदू अजून पिकला नाही' म्हणून शस्त्रक्रिया लांबविली जाते. या समजुतीस पूर्वी आधार होता. नेत्रभिंग काढल्यावर जाड चष्मा लागे; म्हणून दृष्टी बरीच मंदावेपर्यंत थांबणे हिताचे ठरे. १९६७ मध्ये केलमन यांनी श्रवणातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषण्याची पद्धत आणली. आता कृत्रिम भिंगही बसविले जाते. त्यामुळे दैनंदिन अडचण हाच निकष ठरतो. समजा, दोघांची दृष्टी ६/१२ आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी दिपणाऱ्या वाहनचालकास शस्त्रक्रिया सुचविली जाते. अडचण नसलेल्या वृद्धास थांबता येते. मात्र दृष्टिपटलाची व काचबिंदूची तपासणी आधी आवश्यक असते. अतिपक्व मोतीबिंदूत शस्त्रक्रिया अवघड होते. क्वचित नेत्रदाब वाढून डोळा दुखतो, लाल होतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.