घड्याळाच्या ठोक्यावर

कळंबमधले आमचे शेजारी काका वाडीत पाणी शिंपताना मध्येच लुंगी बदलायला घरी यायचे, तेव्हा काकूंना वाटायचं, वयानुसार धरवत नसेल. काकांनी त्यावर आपल्या मते सोपा उपाय काढला होता. पाणी कमी प्यायचं, लघवीला लागलीच तर जायचं, नाही तर नाही. आणि लघवीला हल्ली लागतच नव्हती, याचं त्यांना बरं वाटत होतं. वीस वर्षांच्या मधुमेहात हीच खूण खरी धोक्याची असते.

साधारण दीडशे-दोनशे मिली साठलं की निरोगी मूत्राशय पहिली चाहूल देतं आणि चारशे-पाचशेला मात्र जावंच लागतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसांप्रमाणे मूत्राशयाच्या नसाही मरगळतात. आधी चाहूल जाते. मग पिशवी ताणत जाते आणि ताणलेल्या स्नायूला आकुंचन पावायचं बळ उरत नाही. भरपावसात बावखल काठोकाठ भरलं की वर पडणारं पाणी कडेने ओसंडतं, तसं काकांचं चाललं होतं. थेंब बाहेर येत होते ते आत जागा नव्हती म्हणून.

हे कळलं ते नालासोपाऱ्यात सोनोग्राफी झाली तेव्हा. आधी भरल्या पिशवीने, मग लघवी करून आल्यावर लगेच पुन्हा. काका दोनशे मिली करून आले आणि म्हणाले, “झालं, मोकळं वाटतंय.” पडद्यावर पिशवी तशीच फुगलेली. लांबी १०, रुंदी ८.५, उंची ८ सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की अंदाज येतो: साडेतीनशे मिली मागे उरली होती. पन्नासच्या आत असेल तर चिंता नसते.

डॉक्टरांनी मग औषधांची पिशवी उलटी करायला लावली, आणि मला वाटतं, सगळ्यात मोलाचं काम तिथेच झालं. पायांची आग होते म्हणून काका रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेत होते. ती गोळी आग शमवते, पण मूत्राशयाचं आकुंचन आणखी ढिलं करते. सर्दीच्या कित्येक गोळ्याही तेच करतात. शिवाय गळतं म्हणून कुणीतरी ‘वारंवार लघवी थांबवायची’ गोळी लिहून दिली होती, म्हणजे आधीच न दाबणाऱ्या पिशवीला आणखी सैल करणारी. ती बंद झाली, आगीची गोळी बदलली. प्रोस्टेटही तपासली, कारण या वयात अडथळा तिथला की दोष नसांचा, हे नुसत्या धारेवरून ओळखता येत नाही. त्यांची प्रोस्टेट फारशी वाढलेली नव्हती.

मग आलं वेळापत्रक. लागो वा न लागो, सकाळी सहापासून दर तीन तासांनी जायचं. मोबाइलला गजर. कमोडवर बसायचं, पाय जमिनीवर टेकवून थोडं पुढे झुकायचं, घाई करायची नाही. धार थांबली की उठायचं नाही. तीन-चार मिनिटं तसंच बसून पुन्हा प्रयत्न करायचा. ओटीपोट दाबू का, असं काकांनी विचारलं, तेव्हा आपल्या मनाने दाबू नका, असं बजावलं गेलं. मार्गात अडथळा असेल तर तो दाब वर मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो.

काकूंनी माप असलेला मग आणला आणि वहीत दोन रकाने आखले, पहिली धार आणि दुसरी. पहिल्याच दिवशी नऊ वाजता लिहिलं गेलं: २२०, मग ७०. “लागलीच नव्हती हो मला,” काका म्हणाले. त्या सत्तराने त्यांची खात्री पटवली. पाणी आता दिवसा पुरेसं, संध्याकाळनंतर बेताचं. साखर फार चढली त्या दिवशी मात्र आकडे फुगायचे, कारण साखर आपल्यासोबत पाणी ओढून आणते. अशा वेळी गजर दोन तासांवर आणायचा. बद्धकोष्ठ झालं की दुसरा रकाना घटायचा, हेही वहीनेच दाखवलं.

काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली: ७, ६, ५.५. हिशेब केला तर मागे उरलेली सव्वाशेच्या आत. लुंगी बहुतेक दिवस कोरडी राहू लागली. गेलेली चाहूल परत आलेली नाही, आणि ती येईल असं डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. वाडीत असताना गजर वाजला आणि काकांनी तो दाबून टाकला की संध्याकाळी वहीत भोक पडतं आणि काकू विचारतात, “अहो, बाराचं कुठाय?”

उरलेली लघवी पुन्हा वाढली, वारंवार जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्रपिंडांना सूज दिसली, तर पुढची पायरी दिवसातून काही वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करण्याची. ती रीत जॅक लॅपिडीस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली रूढ केली आणि आजही तीच चालते. काकांनी ती नळी हातात घेऊन पाहिली आहे. जळजळ होईल तेव्हा दाखवू, असं मात्र त्यांनी धरून बसता कामा नये. मरगळलेल्या नसांमुळे संसर्गाची जळजळही जाणवेलच असं नाही. म्हणून गढूळपणा, वास, थंडी वाजून ताप, यांवर काकूंचं लक्ष असतं. क्रिएटिनिन आणि सोनोग्राफीची पुढची तारीख त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.