चक्कर किती वेळ टिकली?

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातलं सुरत-धुळे महामार्गावरचं गाव. धुळ्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात कोंडाईबारीचा घाट लागतो आणि एसटीतली निम्मी पोरं खिडकीशी सरकतात. वळणांवर मळमळणं हे तसं कुणालाही होतं. पण काहींना गाडीतून उतरल्यावरही जमीन डुलत राहते, किंवा गाडीत न बसताच, घरात चुलीसमोर बसल्या बसल्या घर फिरायला लागतं. यातल्या बऱ्याच जणांना लहानपणापासून गाडी लागत असते आणि तरुणपणी डोकं दुखत असतं. या तीन गोष्टी एकाच आजाराच्या असू शकतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या आजाराचं नाव व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला पकडणारी अर्धशिशी.

अशा रुग्णांच्या नेहमीच्या हकिकती एकत्र करून एक बाई डोळ्यांसमोर आणू. वय ३६, दोन मुलं, महामार्गाकडेला भाजीचं दुकान. दोन वर्षांपासून तिला वरचेवर चक्कर येते आहे. पहिल्यांदा ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लागलं. मग ‘बीपी लो’ ठरलं. मग मानेचा एक्स-रे निघाला, ‘मणक्यात गॅप आहे’ असं कळलं आणि पट्टा गळ्यात आला. पस्तिशी-चाळिशीनंतर मानेच्या मणक्यांत झीज दिसणं इतकं सर्रास आहे की काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या एक्स-रेतही ती सापडते. त्यामुळे एक्स-रेत झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते असं होत नाही. माझ्या मते आपल्याकडे चक्करच्या रुग्णाचे सगळ्यात जास्त पैसे आणि महिने या मानेच्या पट्ट्यातच जातात.

नीट तपासणी सुरू होते ती विचारण्यापासून.

“ताई, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांपुढं अंधारी येते की घर फिरतं?”

“घर फिरतं. डोळे मिटले तरी फिरतं.”

“किती वेळ?”

“कधी तास, कधी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.”

निदान निम्मं झालं ते या शेवटच्या उत्तरात. उठून उभं राहिल्यावर क्षणभर अंधारी येते ती बहुधा रक्तदाब घसरल्यानं किंवा रक्त कमी असल्यानं. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं असल्यानं इथं हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी आधी करावीच लागते. कुशीवर वळताना किंवा वर माळ्याकडे पाहताना गरकन फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तो कानातल्या सुट्या झालेल्या चुन्याच्या कणांचा आजार. डोकं ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन मागं झोपवलं की त्यात डोळ्यांची ठरावीक थरथर दिसते, आणि डोकं क्रमाक्रमानं फिरवून ते कण जागेवर आणले की बरंही वाटतं. त्याला गोळी लागत नाही. चक्कर २० मिनिटं ते १२ तास टिकते, सोबत एका कानात दडा बसतो, गुंई आवाज येतो आणि ऐकू कमी येतं, तर मेनिएरचा आजार पाहावा लागतो. आपल्या बाईचं यातल्या कशाशीच जमत नाही. कानाच्या तपासणीत तिचं ऐकणं चांगलं आहे, झोपवून पाहिलं तर डोळे थरथरत नाहीत, झोपून आणि उभं राहून घेतलेल्या रक्तदाबात फरक नाही, हिमोग्लोबिन ११.८.

आता डोकेदुखीकडे वळायचं. ती स्वतःहून सांगत नाही, कारण तिच्या मते डोकेदुखी हा वेगळा आणि जुना त्रास आहे. विचारल्यावर कळतं की विसाव्या वर्षापासून पाळीच्या आसपास एका बाजूचं डोकं ठणकतं, हालचाल केली की वाढतं, उलटी झाली की उतरतं. आईलाही तसंच व्हायचं. आणि चक्कर येते तेव्हा? तेव्हा डोकं दर वेळी दुखत नाही. पण दार लावून, दिवा मालवून पडावं लागतं, आणि मुलांचा आवाज किंवा महामार्गावरचा ट्रकचा हॉर्न सहन होत नाही.

हा तपशील फार मोलाचा आहे, कारण इथंच डॉक्टर आणि रुग्ण दोघंही चकतात. डोकेदुखी नसेल तर अर्धशिशी नाही असं दोघांनाही वाटतं. मायग्रेनतज्ज्ञांच्या आणि तोलविकार तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून २०१२ साली जे निकष ठरवले, त्यांत मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे किमान पाच झटके लागतात आणि प्रत्येक झटका पाच मिनिटं ते ७२ तासांचा असावा लागतो. मायग्रेन आत्ता किंवा पूर्वी असायला हवं. शिवाय किमान निम्म्या झटक्यांत मायग्रेनचं एखादं लक्षण हवं: ठणकणारी, एका बाजूची डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, किंवा डोळ्यांपुढं चमकणाऱ्या नागमोडी रेषा. शेवटी, दुसऱ्या कोणत्या आजारानं हे जास्त चांगलं उलगडत नाही, याची खात्री. हे निदान रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. एमआरआय काढला तर तोही बहुधा स्वच्छच येतो. तो काढायचा असतो दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

असं का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही. पण दिशा स्पष्ट आहे. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, दोन केंद्रं एकमेकांना खेटून आहेत. एकात चेहरा आणि मेंदूच्या आवरणाच्या दुखण्याची खबर येते, दुसऱ्यात आतल्या कानातून तोलाची. दोन्हींत धागेदोरे आहेत. मायग्रेनच्या माणसाचा मेंदू मुळातच संवेदना गरजेपेक्षा मोठ्या करून घेतो, त्यामुळे उजेड टोचतो, वास टोचतो, आणि तसाच तोलाचा बारीकसा संकेतही टोचतो. म्हणूनच ट्रकची रांग डोळ्यांपुढून सरकली, बाजारात गर्दीतून वाट काढली की हिला झोक जातो, कारण डोळ्यांची खबर आणि कानाची खबर मेंदूत जुळत नाही.

डॉक्टरांनी तिला एक वही ठेवायला सांगितली. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता थांबलं, डोकं दुखलं का, उजेड सहन झाला का, पाळी, झोप, जेवण, कोणती गोळी. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यायचं. सहा आठवड्यांत वहीत पाच झटके दिसले. तीन पाळीच्या दोन दिवस आधी किंवा नंतर. दोन अशा दिवशी, जेव्हा भाजी आणायला पहाटे चारला उठून दुपारपर्यंत पोटात चहाखेरीज काही नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट वहीतूनच बाहेर आली: डोकं दुखेल या भीतीनं ती महिन्यातून अठरा दिवस दुकानातली दुखण्याची गोळी घेत होती. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस आणि संयुक्त गोळी १० दिवस, या मर्यादेपलीकडे सतत गेलं की गोळीच डोकेदुखी वाढवते.

उपचाराचे दोन भाग असतात, झटका आल्यावरचा आणि झटका येऊ नये म्हणूनचा. झटक्यात अंधारात पडणं, मळमळीचं औषध, डोकं दुखत असेल तर सुरुवातीलाच वेदनाशामक, आणि थोडं थोडं पाणी. मळमळ थांबवणारी प्रोक्लोरपेरॅझिनसारखी गोळी दोन-तीन दिवसांपुरतीच बरी. ती महिनोन् महिने चालू ठेवली तर तोल परत बसवायची मेंदूची स्वतःची क्षमता दबते, आणि वयस्करांत हातपाय ताठ होणं, कंप सुटणं असे त्रास होऊ शकतात. आपल्याकडे चक्कर म्हटलं की हातात पडणारी बीटाहिस्टिन ही मेनिएरसाठी वापरात असलेली गोळी आहे. या आजारात ती उपयोगी ठरल्याचा भक्कम पुरावा नाही.

प्रतिबंधाचं औषध ठरतं ते माणूस पाहून. महिन्यातले झटके कमी असतील तर त्याची गरजही नसते. बाईला दमा नसेल तर प्रोप्रानोलॉल, झोप मोडत असेल तर रात्री अमिट्रिप्टिलिन, वजन कमी असेल आणि उदासीचा त्रास नसेल तर फ्लुनारिझिन. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक असल्यानं मूल होण्याच्या वयातल्या बायकांना देत नाहीत. यातल्या कोणत्याही औषधाचा या आजारातला पुरावा तसा विरळच आहे, मायग्रेनच्या अनुभवावरून ती वापरली जातात, आणि कुणाला कोणतं लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. आपल्या बाईची झोप तुटक होती, म्हणून रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिननं सुरुवात केली आणि सकाळी तोंड कोरडं पडेल, थोडी गुंगी वाटेल हे आधीच सांगून ठेवलं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या. पहिले दोन आठवडे डोकं आणखी दुखलं, ते अपेक्षितच होतं. पहाटेच्या भाजीफेरीआधी भाकरीचा तुकडा खाणं आणि रोज ठरल्या वेळी झोपणं एवढंच तिच्या रहाटगाडग्यात बसलं. तीन महिन्यांनी महिन्याचे झटके तीन-चारांवरून एकावर आले. औषध लागू पडलं असं म्हणायला झटके निम्म्यानं कमी व्हायला हवेत आणि त्यासाठी दोन-तीन महिने द्यावे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणारे खूप असतात.

झटक्यांच्या मधल्या काळात डुलल्यासारखं होत राहिलं तर व्यायाम उपयोगी पडतात: एका ठिपक्यावर नजर ठेवून डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं, मग उभं राहून, मग चालताना. चक्कर येईल म्हणून अंथरुणाला खिळून राहिलं की उलट त्रास लांबतो.

काही लक्षणं मात्र या सगळ्याच्या बाहेरची. चक्कर अचानक सुरू होऊन थांबतच नाही आणि उभंही राहता येत नाही. एका वस्तूच्या दोन दिसतात, बोलणं अडखळतं, चेहऱ्याची एक बाजू ओघळते, एका बाजूचा हात-पाय कमजोर होतो. आयुष्यात कधी नव्हतं इतकं जोराचं डोकं एकाएकी दुखतं. अशा वेळी मायग्रेनची जुनी वही बाजूला ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलावायची, कारण लहान मेंदूचा झटका सुरुवातीला चक्करसारखाच दिसतो. एका कानाचं ऐकू येणं एकदम गेलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. उपचार जितका लवकर, तितकी आशा जास्त.

चांगलं चाललं असेल तर प्रतिबंधाची गोळी सहा महिने ते वर्षभर चालवून हळूहळू कमी करतात. आपली बाई उपचाराच्या नवव्या महिन्यात ५ मिलिग्रॅमवर आहे आणि वही अजून चालू आहे. पाळीच्या वेळचा एखादा झटका अजून येतो, तेव्हा दुकानावर सासूबाई बसतात.