कोपऱ्यातले नऊ

राणीसावरगावातल्या दहावीच्या वर्गासाठी पूर्ण वर्ग पद्धतीचा व्हाइटबोर्ड ॲनिमेशन पाठ करायचा म्हटले, की पहिला समज असा असतो की पडद्यावरचा हात एकेक ओळ लिहीत गेला म्हणजे मुलांना कळत जाते. प्रत्यक्षात मुले अडतात ती एकाच जागी: x² + 6x = 16 सोडवताना मध्येच 9 कुठून आले? पाठ आखायचा तो या प्रश्नाभोवती, आणि हात हलायच्या आधी. त्यासाठी नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मीची आकृतीची रीत अजूनही उपयोगी आहे. x बाजूचा चौरस काढा, त्याला 6 रुंदीची पट्टी जोडा. पट्टीचे 3 रुंदीचे दोन तुकडे करून एक चौरसाच्या खाली सरकवा. मोठा चौरस जवळजवळ तयार होतो, फक्त कोपरा रिकामा राहतो. इथे हात आणि आवाज दोन्ही थांबवायचे आणि कोपऱ्याचे क्षेत्रफळ विचारायचे. सहाचे निम्मे 3 डोक्यात असल्याने काही मुले 3 म्हणतील. तेही लिहायचे, मग 3 × 3 च्या चौकटी भरून ते कसे अपुरे पडते हे दाखवायचे. त्यानंतर 9 दोन्ही बाजूंना मिळवले की (x + 3)² = 25.

चुकीचे उत्तर पडद्यावर आणले तर तेच मनात बसेल, हा आक्षेप रास्त वाटतो. पण डेरेक म्युलर यांच्या सिडनी विद्यापीठातल्या 2008 च्या प्रबंधात, गैरसमज आधी मांडून मग खोडणाऱ्या भौतिकशास्त्राच्या चित्रफितींतून विद्यार्थी अधिक शिकल्याचे दिसले. नुसते स्वच्छ स्पष्टीकरण त्यांना सोपे वाटले, शिकवून गेले कमी. अट एवढीच की चूक का चुकते हे दाखवायला हवे. नुसती लाल फुली पुरत नाही.

निवेदनाचे प्रत्येक वाक्य पडद्यावर उमटले पाहिजे, हाही असाच समज. आकृती हलत असताना वाक्येही वाचायची म्हणजे डोळ्यांना दोन कामे लागतात, आणि तुकडा सरकला तो क्षण निसटतो. पडद्यावर x, 3, 9 एवढेच पुरे. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी मात्र मजकूर हवाच. तोंडी शब्द बालभारतीचेच ठेवावेत: सहगुणक, चल, वर्गमूळ.

सर्वांत फसवा समज म्हणजे चित्र जमले की संकल्पना पूर्ण झाली. बाजू ऋण नसते, म्हणून चित्रातून x + 3 = 5, म्हणजे x = 2 एवढेच मिळते; −8 हे दुसरे मूळ त्यात दिसतच नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात आकृती पुसून x + 3 = ±5 स्वतंत्र लिहावे, दोन्ही उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहावीत. पाठ जमला का, हे x² + 10x = 39 आकृतीशिवाय सोडवायला दिले की कळते: कुणी 25 ऐवजी 5 मिळवले तर कोपऱ्याचा भाग पुन्हा करायचा, नुसते 3 लिहून −13 सोडले तर शेवटचा.